दागिना हातातून सुटला कसा?



गहाण म्हणजे काय, हे या पेठेत सांगायची गरज नाही. भारतीय करार कायदा 1872 चा, त्यातलं कलम 172 वकील मंडळींना पाठ आहे. मी थेट अडचणीच्या जागी येतो. दागिना माझा आणि गहाण ठेवला भलत्यानंच. ज्यानं पैसे मोजले त्याचा हक्क टिकतो का?

पहिल्या रांगेतले सराफ मान हलवताहेत. त्यांचं म्हणणं, ‘आम्ही प्रामाणिकपणे पैसे दिले, पावती फाडली.’ माझं ठाम मत असं आहे की प्रामाणिकपणा लागतोच, पण तेवढ्यानं भागत नाही. कायदा आधी विचारतो, की मालकाच्या हातून वस्तू सुटली कशी? चोरीला गेली असेल, तर सावकार कितीही सज्जन असो, दागिना मालकाचाच. मालकानं स्वतःच्या मर्जीनं दिली असेल, मग ती मर्जी फसवून मिळवलेली का असेना, तर चित्र पालटू शकतं.

लंडनची हकीकत सांगतो. एप्रिल 1918. फिलिप्स नावाच्या जवाहिऱ्याच्या दुकानात नॉर्थ नावाचा एक गृहस्थ आला. त्यानं 2,550 पौंडांचे मोती निवडले, 450 पौंडांची अंगठी निवडली आणि 3,000 चा चेक लिहायला घेतला. लिहिता लिहिता म्हणाला, ‘मी सर जॉर्ज बुलो.’ पत्ताही दिला, सेंट जेम्स चौकाचा. फिलिप्सनं डिरेक्टरी उघडली. त्या नावाचा माणूस त्या पत्त्यावर खरोखरच राहत होता! मोती चेक वटल्यावर न्यायचे ठरले. अंगठी मात्र त्यानं लगेच मागितली, उद्या बायकोचा वाढदिवस आहे म्हणून. (हशा) हसू नका, त्या कारणापुढे कुठला दुकानदार नाही म्हणेल? चेक परत आला. तोवर नॉर्थनं ती अंगठी ब्रुक्स या गहाणवाल्याकडे ठेवून 350 पौंड उचलले होते, तेही तिसऱ्याच नावानं.

फिलिप्सनं ब्रुक्सवर दावा लावला आणि 1919 मध्ये तो हरला. न्यायमूर्ती हॉरिज यांनी धरलं, की फिलिप्सनं समोर उभ्या असलेल्या माणसालाच अंगठी विकली. फसवणूक झाली, म्हणून करार रद्द करता आला असता. पण गहाण पडेपर्यंत तो रद्द झाला नव्हता. ब्रुक्सला फसवणुकीचा पत्ता नव्हता. त्याचा हक्क टिकला. नॉर्थनं तीच अंगठी काउंटरवरून उचलून पळ काढला असता, तर ब्रुक्सच्या हाती काहीच उरलं नसतं.

आपल्याकडे 1930 मध्ये कलम 178अ आलं, ते हेच सांगतं. कपटानं, दबावानं घडलेला करार जोवर रद्द झालेला नाही, तोवर प्रामाणिकपणे गहाण घेणाऱ्याला हक्क मिळतो.

(सभागृहातून : ‘मग आम्ही जांगड द्यायचंच नाही का?’)

द्या, पण जोखीम ओळखून द्या. जांगड घेतलेला दलाल मालक नसतो. पण विक्रीचा अधिकार असलेला धंदेवाईक दलाल असेल आणि माल तुमच्या संमतीनं त्याच्या ताब्यात असेल, तर कलम 178 गहाण घेणाऱ्याला सांभाळतं. ‘हिऱ्यांच्या दलालाला गहाण ठेवायची मुभा नसते, हा बाजाराचा रिवाजच आहे,’ असं ओपनहायमर या व्यापाऱ्यानं लंडनच्या अपील कोर्टात सांगून पाहिलं. 1908 च्या त्या निकालात ते चाललं नाही. दलाल धंद्याच्या वेळी, धंद्याच्या जागी, अधिकार असल्यासारखा वागला का, एवढंच पाहिलं गेलं. घरच्या नोकराचं तसं नाही. तुम्ही त्याच्या हाती पाटल्या पुसायला दिल्या, तरी कायद्याच्या लेखी ताबा तुमचाच राहतो.

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कलम 179 दोन वाक्यांत. मी पाटल्या ठेवून 50,000 घेतले आणि त्या सावकारानं त्याच पाटल्या पुढे 80,000 ला ठेवल्या, तर दुसऱ्याचा हक्क माझ्या 50,000 आणि व्याजापुरताच. तेवढे फेडले की पाटल्या माझ्या. उरलेल्यासाठी त्यानं पहिल्याच्या मागे लागावं.

सराफांनो, गिऱ्हाईक प्रतिष्ठित दिसतं का, याआधी ‘ही वस्तू तुमच्याकडे आली कशी?’ हे विचारा आणि उत्तर लिहून घ्या. उत्तर अडखळलं आणि तरी पैसे दिलेत, तर पुढे ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणणं जड जाईल. आणि मालकांनो, फसलात हे कळताच त्याच दिवशी करार रद्द केल्याचं लेखी कळवा, पोलिसांत जा आणि गावातल्या पेढ्यांना वर्दी द्या. वर्दी मिळाल्यावर गहाण घेणाऱ्याला प्रामाणिकपणाचा आधार उरत नाही.