२५ डबे की २२?

आमच्या सोसायटीबाहेर एक काका स्ट्रॉबेरी विकतात. डबा ४० ला घेतात, ६० ला देतात. उरलेला सकाळपर्यंत मऊ पडतो, फेकावाच लागतो. ते रोज २५ डबे आणायचे, कारण सरासरी मागणी तेवढी.

आम्ही दहा दिवस मागणी लिहिली. माल संपल्यावर परत गेलेली गिऱ्हाइकंही मोजली, नाहीतर विक्रीलाच आपण मागणी समजतो. चढत्या क्रमाने: १८, २०, २१, २२, २४, २५, २६, २८, ३०, ३६.

आता बघा, डबा कमी पडला तर २० चा नफा बुडतो, उरला तर ४० जातात. २० भागिले ६०, म्हणजे एक तृतीयांश. दहापैकी निदान इतक्या दिवसांना पुरेल असा सगळ्यात लहान आकडा चौथा, २२. दहा दिवसांचा नफा ३८०० वरून ३९८० होतो.

मग ज्यूसवाला उरलेला डबा रात्री ३० ला घ्यायला तयार झाला. आता उरल्यास तोटा फक्त १०. २० भागिले ३०, दोन तृतीयांश, म्हणजे सातवा आकडा: २६. नफा ४४२०. गिऱ्हाईक तेच, खरा फरक ज्यूसवाल्याने पाडला.

फक्त सणावाराची मागणी वेगळी लिहा, ती या दहा दिवसांत मिसळू नका.