दुसऱ्याचें वेळापत्रक आणि आपला जमाखर्च

परीक्षेचा निकाल लागला कीं वर आलेल्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती सुरू होतात. पहाटे साडेचारला उठणें, चौदा तास अभ्यास, रात्रीं अकराला निजणें, असें वेळापत्रक त्यांतून बाहेर पडतें आणि घराघरांतील भिंतींवर चिकटविलें जातें. तें खोटें असतेंच असें नाहीं. पण बहुधा तें शेवटच्या दोन-तीन महिन्यांचें असतें. ज्याची सारी तयारी झालेली आहे त्याला केवळ उजळणी करावयाची असते. शिवाय त्याच घड्याळाबरहुकूम चालून जे मागें राहिले, त्यांची मुलाखत कोणी घेत नाहीं.

‘नीट’ परीक्षेला दुसऱ्यांदा बसणारी एखादी मुलगी डोळ्यांपुढें आणावी. असें वेळापत्रक तिनें तीन दिवस पाळलें; चौथ्या दिवशीं दुपारीं वहीवरच डोकें ठेवून ती झोपली आणि हा आपला आळस, असें मानून रडली. तिचे मामा बँकेंत हिशेबनीस. ते म्हणाले, “अगं, खर्च किती होतो हें ठाऊक नसतांना अंदाजपत्रक कसलें करतेस? आधीं आठवडाभर नुसतें टिपून ठेव.”

तिनें दर अर्ध्या तासाला एक ओळ लिहिली. आठवड्याअखेर दिसलें तें असें: मेजाशीं बसणें रोज आठ तास, त्यांत व्हिडिओ पाहणें अडीच तास, हातांत लेखणी घेऊन उदाहरणें सोडविणें किंवा पुस्तक मिटून आठवणें सव्वातीन तास. उरलेला वेळ वह्या शोधण्यांत आणि फोनमध्यें गेला होता. चौदा तासांशीं तुलना करावयाची होती ती या सव्वातीनांची, आठांची नव्हे.

व्हिडिओंचे अडीच तास विशेष फसवे होते. शिक्षक फळ्यावर उदाहरण सोडवीत असतां प्रत्येक पायरी पटत जाते, आणि पटणें म्हणजेच येणें असा भास होतो. याची कसोटी सोपी आहे. व्हिडिओ बंद करावा, कोरा कागद घ्यावा आणि तेंच उदाहरण पहिल्या ओळीपासून मांडावें. तिनें दहा उदाहरणें अशीं मांडून पाहिलीं; चार पुरीं झालीं.

नंतर २०२५ ची प्रश्नपत्रिका तिनें घड्याळ लावून सोडविली: १८० प्रश्न, १८० मिनिटें, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक वजा. जीवशास्त्रांत २३०, रसायनांत ६८ आणि भौतिकशास्त्रांत अवघे २८, एकूण ३२६. येथें बहुतेक जण बेरीज पाहून थांबतात. तिनें भौतिकशास्त्राचे पंचेचाळीस प्रश्न निवडून पाहिले. अकरा बरोबर, सोळा चूक, अठरा सोडून दिलेले. ते अठरा तिनें दुसऱ्या दिवशीं वेळेचें बंधन न ठेवतां सोडविले, तेव्हां नऊ बरोबर आले. म्हणजे अर्ध्या ठिकाणीं अडचण ज्ञानाची नव्हती, वेगाची होती. भिंतीवरच्या वेळापत्रकांत मात्र रोज पांच तास जीवशास्त्राची उजळणी होती. कारण तें ज्याचें, त्याचें भौतिकशास्त्र आधींच तयार होतें!

आतां योजना. पहिल्या पंधरवड्यांत सव्वातीनाचे पावणेचार तास, अधिक नाहीं. आठवड्यांतील सहांपैकीं पांच दिवस तेवढे साधले, तरच पुढचा अर्धा तास वाढवावयाचा. त्यांतील दीड तास भौतिकशास्त्राला: एका प्रकरणाचे पंधरा प्रश्न पंचवीस मिनिटांत, उरलेला वेळ चुकांना. व्हिडिओ पाहावयाचा तो प्रश्न अडल्यावरच, आणि पाहून झाल्यावर पुनः कोरा कागद.

प्रकरणाला लागणारा काळ ठरवितांनाही अंदाजापेक्षां नोंद बरी. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत विद्यार्थ्यांनीं आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत पुरा होईल असें सांगितलें. प्रत्यक्षांत ५५ लागले. आपल्या मुलीनें चार दिवस धरलेलीं प्रकरणें सहा दिवसांत संपत होतीं. म्हणून तिनें पुढच्या प्रत्येक अंदाजाची दीडपट केली, आणि तशी केल्यावर पांच प्रकरणें परीक्षेपूर्वीं बसेनात. तीं कोणतीं सोडावयाचीं हें तिनें आजच ठरविलें. शेवटच्या आठवड्यावर टाकलें नाहीं.

महिन्यानें दुसरी प्रश्नपत्रिका सोडवावयाची. तेव्हांही केवळ एकूण गुण ताडून पाहूं नयेत. २०२५ चें भौतिकशास्त्र बरेंच अवघड होतें. सोप्या प्रश्नपत्रिकेंत काहीं न करतांही गुण वाढलेले दिसतील. पाहावयाचें तें हें कीं सुटलेले प्रश्न अठरांवरून किती खालीं आले, आणि त्यांतले वेळ दिल्यावर सुटणारे किती उरले.