आपल्याबद्दलचा तो एक परिच्छेद

लोकवर्गणीच्या पानावर व्हिडिओ असतो, फोटो असतात, खर्चाचा तक्ता असतो. मी आज फक्त एका परिच्छेदाबद्दल बोलणार आहे. ‘मी कोण, हे का करतोय आणि मला हे जमेल कशावरून’ एवढंच सांगणारा तो परिच्छेद. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे ओळखीतली पोरं-पोरी असे मजकूर माझ्याकडे ‘जरा बघा ना’ म्हणून पाठवतात. बहुतेकांचा घोटाळा एकाच ठिकाणी असतो. तळमळ एका बाजूला, पदव्या दुसऱ्या बाजूला आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

एक उदाहरण रचून घेऊ. समजा, मालेगावचा एक तरुण आहे. अब्बा यंत्रमागावर काम करतात. त्याने ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबवणारी जोडणी तयार केली आहे. त्याने असं लिहिलं:

“मला लहानपणापासून समाजासाठी काहीतरी करण्याची आवड होती. मागावर राबणाऱ्या अब्बांचे हाल पाहून माझं मन हेलावलं. डिप्लोमा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण होऊन मी जगातलं पहिलं, पेटंट असलेलं स्मार्ट यंत्र बनवलं. आमचा स्टार्टअप सरकारमान्य आहे. आमच्या मागास वस्तीला तुमच्या मदतीची गरज आहे.”

यातलं प्रत्येक वाक्य त्याला महागात पडू शकतं. ‘जगातलं पहिलं’पासून सुरू करू. धागा तुटल्यावर माग थांबवण्याची युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी लटकवतात, तिला ड्रॉप पिन म्हणतात. धागा ताठ आहे तोवर ती वर राहते. तुटला की खाली पडून पट्टीला टेकते, विजेचं वर्तुळ पूर्ण होतं आणि माग थांबतो. कापड व्यवसायातल्या कुणीही ते वाक्य वाचलं की पान बंद करणार. आणि मोठी रक्कम देणारा माणूस अनेकदा त्याच व्यवसायातला असतो. या मुलाचं खरं काम वेगळं आहे. ही सोय नसलेल्या जुन्या मागावर ती कमी खर्चात बसवणं. ते छोटं वाटतं म्हणून त्याने लपवलं, आणि पानावर सांगण्यासारखं तेवढंच होतं!

‘पेटंट असलेलं’ याबद्दल जरा थांबतो. अर्ज करणं वेगळं आणि पेटंट मिळणं वेगळं. मध्ये तपासणी असते. पेटंट मिळालेलं नसताना वस्तूला पेटंट आहे असं सांगणं १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम १२० खाली दंडनीय आहे. अर्ज केला असेल तर ‘अर्ज केला आहे’ एवढंच लिहा. आणखी एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना उशिरा कळते. अर्ज करायच्या आधीच यंत्राची रचना पानावर उघड केली, तर नंतर ‘हे नवीन आहे’ हा दावाच अडचणीत येतो. म्हणून आधी अर्ज, मग पान.

‘सरकारमान्य’ हाही असाच शब्द. उद्यम नोंदणी आपणच दिलेल्या माहितीवर, फुकट होते. स्टार्टअप म्हणून मिळणारी मान्यता कंपनीला असते. यंत्र चांगलं चालतं असा तो दाखला नाही. नोंदणीचं नाव जसं आहे तसं लिहिलं तर वाचणारा ते तपासू शकतो. ‘सरकारमान्य’ हा शब्द कुठे तपासणार?

आता तोच परिच्छेद पुन्हा लिहू.

“माझे अब्बा मालेगावात २२ वर्षं यंत्रमाग चालवतात, एका वेळी ६ माग. ताण्याचा धागा तुटून लगेच लक्षात आला नाही, तर कापडात उभी रेघ पडते आणि मजुरीतून पैसे कापले जातात. धागा तुटताच माग थांबवणारी सोय महागड्या मागांवर असते, आमच्याकडच्या जुन्या मागांवर नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केल्यावर मी ३ वर्षं याच मागांच्या मोटरी आणि स्टार्टर दुरुस्त केले, म्हणून जुन्या मागावर बसेल अशी जोडणी करता आली. फेब्रुवारीपासून ती ३ मागांवर चालू आहे. ताणा सैल पडला की ती अजून कधी कधी विनाकारण माग थांबवते आणि कापसाचे तंतू साचतात म्हणून दर आठवड्याला साफ करावी लागते. मागावरचं यांत्रिक काम माझ्यासोबत एक अनुभवी जॉबर करतात. मी आजवर कारखाना चालवलेला नाही. या पैशातून २० मागांवर ही जोडणी बसवून ती वर्षभर टिकते का, हे पाहायचं आहे.”

इथे ‘मन हेलावलं’ कुठेच नाही. पण मजुरीतून पैसे कापले जातात हे वाचल्यावर त्याला हे का करायचंय, ते विचारावं लागत नाही. डिप्लोम्याची श्रेणी गेली आणि तिच्या जागी ३ वर्षांची दुरुस्ती आली, कारण या कामाला तीच पात्रता लागते. ‘म्हणून’ हा शब्द बघा. तो पात्रतेला कामाशी जोडतो. तुमच्या परिच्छेदात ‘म्हणून’ बसत नसेल, तर ती पदवी तिथे शोभेपुरती आहे. खाली यादीत टाका. ‘मागास वस्ती’ही गेली. त्या शब्दाने दया येते, पण दया येणारा माणूस शंभर रुपये देऊन निघून जातो. यंत्र चालेल का, हे तो विचारतच नाही.

उणिवा लिहायच्या की नाही, यावर माझे मित्र माझ्याशी वाद घालतात. माझं मत असं की मोजता येणारी उणीव लिहावी. तंतू साचतात, हे मागाजवळ महिनोन्‌महिने उभा राहिलेला माणूसच सांगू शकतो. ते वाक्य त्याच्या अनुभवाचा पुरावा आहे. मात्र ‘आम्ही अजून शिकतोय’ असं मोघम लिहू नका. त्यातून फक्त भीती दिसते.

एका गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. हा परिच्छेद मुलाचा असला तरी त्यात गोष्ट अब्बांची आहे. ते कुणाच्या तरी कारखान्यात कामाला आहेत. मजुरी कापली जाते हे वाक्य त्यांचा मालक वाचेल, आणि एकदा टाकलेलं पान अनेक वर्षं सापडत राहतं. म्हणून अब्बांना शेजारी बसवून अख्खा मजकूर मोठ्याने वाचून दाखवा. कारखान्याचं नाव, गल्ली, मालकाचा उल्लेख काढा. ते ‘हे वाक्य नको’ म्हणाले, तर ते वाक्य कितीही परिणामकारक असलं तरी जातं. मग ‘मागावरच्या कामगारांची मजुरी कापली जाते’ असं लिहा. जोर थोडा कमी होतो, पण अब्बांचं काम टिकतं.

पान टाकण्याआधी मजकूर दोघांना वाचायला द्या. एक जॉबर आणि एक असा, ज्याने माग कधी पाहिला नाही. जॉबरला विचारा, यात खोटं काय वाटतं. दुसऱ्याला विचारा, यंत्र काय करतं ते मला परत सांग. त्याला सांगता आलं नाही तर आणखी एक शब्द सोपा करा. बहुधा ‘ताणा’ हाच अडलेला असतो, तिथे ‘उभा धागा’ लिहिलं तरी चालतं.

आणि वर्गणी सुरू असताना परिच्छेद अधूनमधून उघडून बघा. तीनपैकी एका मागावरची जोडणी काढावी लागली, तर त्याच दिवशी ‘३’चं ‘२’ करा आणि का काढली ते शेजारी एका ओळीत लिहा.