मावशीने फक्त कार्ड वाचलं होतं: फीडसाठी फोटो आणि शीर्षक

आजचा भाग जरा माझ्याच फजितीचा आहे. नेहमीसारखं बोलतो तसंच खाली उतरवलंय, त्यामुळे वाक्यं थोडी इकडेतिकडे जातील, सांभाळून घ्या.

दिवसा मी सॉफ्टवेअरची नोकरी करतो. रात्री आणि रविवारी घरातल्या विजेच्या वस्तूंवर एक छोटा ब्लॉग लिहितो. कुठली वस्तू किती वीज खाते, ते मीटर लावून मोजायचं आणि लिहायचं, एवढंच. गेल्या उन्हाळ्यात मी बीएलडीसी पंख्यांवर लिहिलं. शीर्षक दिलं, "हा पंखा लावा, वीजबिल निम्मं करा". आत लेखात सगळं नीट होतं. जुना पंखा फुल स्पीडला ७४ वॅट, नवा ३० वॅट, म्हणजे पंख्याचा खर्च निम्म्याहून कमी. तिसऱ्या परिच्छेदात हेही होतं की हा फरक फक्त पंख्याचा आहे, अख्ख्या बिलाचा नाही.

तो लेख गूगल डिस्कव्हरमध्ये चालला. डिस्कव्हर म्हणजे काय तर बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये होम स्क्रीन बाजूला सरकवली की जी बातम्यांची आणि लेखांची रांग येते ना, ती. २०१७ साली गूगलने ती फीड म्हणून आणली आणि २०१८ मध्ये तिला डिस्कव्हर हे नाव दिलं. मी खूश. दीड महिन्याने मिरजेहून मावशीचा फोन. "अरे, तू लिहिलंस म्हणून तीन पंखे बदलले. नऊ हजार गेले. बिल कुठं निम्मं झालंय?"

मी म्हटलं, "मावशी, तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय की." ती म्हणाली, "मी कुठं आत गेले? वरचं वाचलं, पंख्याचा फोटो बघितला, काकांना दाखवला, आणि दुकानात गेलो."

त्या फोननंतर मी फीडसाठी लिहायची पद्धत बदलली.

बघा, सर्चमध्ये माणूस प्रश्न घेऊन येतो. "बीएलडीसी पंखा किती वॅट" असं त्याने स्वतः टाइप केलेलं असतं, त्यामुळे तो उत्तर शोधत आत येतो. फीडमध्ये कोणीच काही विचारलेलं नसतं. माणूस बसची वाट बघतोय, अंगठा चालू आहे. त्याला दिसतं एक कार्ड: वर फोटो, खाली शीर्षक, बाजूला साइटचं नाव. दहा जणांना कार्ड दिसलं तर त्यातले बहुतेक जण पुढे सरकतात, आणि सरकताना कार्डवरचं वाक्य डोक्यात घेऊन जातात. त्यांच्यासाठी तेवढाच लेख असतो. म्हणून शीर्षक "आत खुलासा आहे" या भरवशावर चालत नाही. ते एकटं वाचलं तरी खरं असायला हवं.

आता कोणी म्हणेल, मग सरळ सगळं सांगून टाका. पण मग आत यायचं कशाला? इथे कुतूहलाची गंमत कळायला हवी. जॉर्ज लोवेनस्टाइन नावाच्या अभ्यासकाने १९९४ मध्ये मांडलं की आपल्याला माहीत असलेलं आणि माहीत करून घ्यावंसं वाटणारं, यांत फट जाणवली की कुतूहल जागं होतं. फट जाणवायला आधी थोडं माहीत असावं लागतं. "या पंख्याचं रहस्य ऐकून थक्क व्हाल" यात काहीच माहीत होत नाही, नुसतंच दडवलंय. डिस्कव्हरच्या सूचनांमध्येही हेच आहे: विषय कळायला लागणारी महत्त्वाची माहिती दडवून, किंवा शीर्षकात आणि फोटोत फुगवून सांगून क्लिक ओढू नका. माझं "निम्मं करा" हे दुसऱ्या प्रकारातलं. दडवलं काहीच नव्हतं, फुगवलं होतं.

मग मी मावशीकडून दोन्ही बिलं मागवली. आधीच्या महिन्यात २१२ युनिट, पंखे बदलल्यावर १६८. म्हणजे ४४ युनिट वाचले. माझ्या हिशोबाने किती वाचायला हवे होते? एका पंख्यामागे ४४ वॅटचा फरक, रोज १२ तास, ३० दिवस, म्हणजे जवळजवळ १६ युनिट. तीन पंख्यांचे साधारण ४७. पंखे काही रोज मोजून १२ तास चालत नाहीत, त्यामुळे ४४ म्हणजे हिशोब बरोबर बसला. पण बिलात फ्रिज आहे, गिझर आहे, आणि स्थिर आकार तर पंखे बदला नाहीतर घर बंद ठेवा, कमी होत नाही. युनिट कमी झाले ते जेमतेम पाचवा हिस्सा. युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला ४४० रुपये. नऊ हजार सुटायला पंखे असेच चालणारे वीसेक महिने लागतील. वाईट व्यवहार नाही, पण "निम्मं" नाहीच.

यावर नवीन शीर्षक केलं: "तीन पंखे बदलले, ४४ युनिट वाचले, मग बिल निम्मं का झालं नाही?" यात जे सांगितलंय ते सगळं बिलावर दाखवता येतं. आणि फट कुठे आहे? "का" मध्ये. उत्तर आत पूर्ण आहे, पहिल्याच परिच्छेदात सुरू होतं. आत न येता कोणी पुढे सरकला, तरी तो बरोबर गोष्ट घेऊन गेला: वीज वाचते, बिल निम्मं होत नाही. माझी चाचणी आता हीच आहे. कार्ड वाचून मावशी थेट दुकानात गेली तर तिचं नुकसान होईल का?

एक खास मराठीची अडचण सांगतो. मी मधे एक शीर्षक लिहिलं होतं: "बीएलडीसी पंखा लावल्यावर घराचं वीजबिल निम्मं होतं हा समज खरा नाही". पूर्ण प्रामाणिक! पण कार्डवर ओळी ठरावीकच मावतात, पुढे तीन टिंबं येतात. लांब शीर्षक लहान स्क्रीनवर कापलं गेलं तर उरतं, "बीएलडीसी पंखा लावल्यावर घराचं वीजबिल निम्मं होतं…" म्हणजे अर्थ बरोबर उलटा! आपल्या भाषेत क्रियापद शेवटी, नकार तर अगदी शेवटी. त्यामुळे "नाही" वर सगळा अर्थ टांगलेला असेल तर वाक्य फिरवायचं किंवा लहान करायचं. मी आता शीर्षक लिहिलं की शेवटचे तीन शब्द बोटाने झाकून वाचतो. वरच्या नव्या शीर्षकाचं शेपूट झाकून बघा: "तीन पंखे बदलले, ४४ युनिट वाचले, मग बिल निम्मं…" अपुरं वाटतं, पण खोटं होत नाही.

आता फोटो. पहिल्या लेखाला मी कंपनीच्या जाहिरातीतला चकचकीत पंखा लावला होता. त्यात माझी मोजणी कुठेच नव्हती, आणि तसा फोटो शंभर जणांकडे असतो. दुसऱ्या वेळी वायरमनकडून लाईनवर मीटर जोडून घेतला (हे स्वतः करू नका, खरंच) आणि मीटरच्या पडद्याचे दोन फोटो काढले, एकावर ७४, एकावर ३०. ते शेजारी ठेवून एक आडवा फोटो केला. फ्लॅश मारला की पडद्यावर चमक येते आणि आकडा जातो, म्हणून खिडकीच्या उजेडात, थोडं तिरकं धरून काढा. फोटोवर मोठी अक्षरं छापायच्या भानगडीत पडू नका, कापताना ती अर्धी राहतात. बिलाचा फोटो लावणार असाल तर ग्राहक क्रमांक आणि पत्ता झाका.

आणि मग माझ्यातला इंजिनिअर असून मी जिथे फसलो ते. फोटो इतका छान, पण कार्डवर कोपऱ्यात चिमुकला चौकोन दिसत होता. मोठा फोटो दिसण्यासाठी तो किमान १२०० पिक्सेल रुंद हवा, आणि पानाने गूगलला मोठा फोटो दाखवायची परवानगी दिलेली हवी. ती परवानगी ही एक ओळ आहे, पानाच्या हेड भागात जाते:

```html
<meta name="robots" content="max-image-preview:large">
```

ही ओळ माझ्याकडे होती. गडबड वेगळीच निघाली. पान कुठला फोटो पुढे करतं हे `og:image` मध्ये लिहिलेलं असतं, आणि माझी थीम तिथे मूळ फोटोऐवजी ६०० पिक्सेलची बारकी प्रत देत होती. लेखात फोटो मोठाच दिसायचा, म्हणून महिनाभर कळलंच नाही. काही साइट तिथे सरळ स्वतःचा लोगो देतात, मग कार्डवर पंख्याच्या जागी लोगो.

हे फोनवरसुद्धा तपासता येतं. क्रोममध्ये पत्त्याच्या आधी `view-source:` लिहा, पान उघडा, त्यात `og:image` शोधा, पुढची लिंक नवीन टॅबमध्ये उघडा. फोटो डाउनलोड करून गॅलरीत त्याची माहिती बघा, रुंदी तिथे दिसते. मुळातच लहान फोटो असेल तर कुठलंही सेटिंग त्याला मोठं करणार नाही. बऱ्याचदा मित्राने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो असतो, आणि तो वाटेत लहान झालेला असतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

एवढं केलं म्हणजे डिस्कव्हरमध्ये दिसालच असं नाही हं. पान गूगलच्या इंडेक्समध्ये असेल आणि नियमांत बसत असेल तर ते पात्र ठरतं, एवढंच. त्या फीडमधली गर्दी एक दिवस येते, तीन दिवस गायब होते, तिच्यावर महिन्याचा हिशोब मांडू नका. सर्च कन्सोलमध्ये डिस्कव्हरचा वेगळा रिपोर्ट मिळतो, पण तुमची कार्डं पुरेशा वेळा दिसली असतील तरच. त्यात कार्ड किती वेळा दिसलं आणि किती जणांनी दाबलं हे कळतं. दाबल्यावर ते आत थांबले की लगेच परतले, हे कळत नाही, ते वेगळ्या अॅनालिटिक्समध्ये बघावं लागतं. आणि खरी गोम तिथेच आहे. खूप जणांनी दाबलं आणि लगेच पळाले, तर शीर्षकाने काहीतरी कबूल केलं होतं जे आत सापडलं नाही.

खरं सांगायचं तर माझ्या जुन्या शीर्षकाला क्लिकचं प्रमाण जास्त होतं. नव्याला कमी आहे. ते बघून एका रविवारी जुनं परत लावायचा मोह झाला होता, बोट बटणावर होतं. मग कॉमेंट वाचल्या. जुन्या लेखाखाली "बकवास, काही फरक पडत नाही" अशा रांगेने. नव्याखाली कमी जण आहेत, पण तिघांनी आपापल्या बिलाचे युनिट लिहिलेत आणि एकाने विचारलंय, पंखे झाले, आता गिझरचं मोजा की.

गिझर मोजतोय. फोटो अजून जमलेला नाही, बाथरूममध्ये खिडकीचा उजेड पोचत नाही आणि फ्लॅश मारला की मीटरचा आकडा जातो. मावशीच्या नव्या बिलाचीही वाट बघतोय.