कंत्राट संपवणारे पत्र
(खरेदी व प्रशासन अधिकाऱ्यांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



निविदा कशी काढावी, दर कसे ठरवावेत, करारात कोणती कलमे घालावीत यावर आपण नेहमीच बोलतो. ठेकेदाराचा करार संपवण्याची नोटीस मात्र बहुधा एखाद्या संध्याकाळी, साहेबांचा फोन आल्यावर, जुन्या फाइलीतले पत्र समोर ठेवून लिहिली जाते. आज मी त्या एका पत्राबद्दलच बोलणार आहे.

आपल्या सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात तीन पाळ्यांत चालणारा एक कारखाना आहे असे समजा. त्याचे कॅन्टीन ठेकेदाराकडे आहे. करार दोन वर्षांचा, त्यातली आठ-नऊ महिन्यांची मुदत अजून शिल्लक. डाळ पातळ, पोळ्या गार, रात्रपाळीला चहा वेळेवर नाही, अशा तक्रारी वाढल्या आहेत आणि व्यवस्थापनाने ठेकेदार बदलायचे ठरवले आहे. करारात बाहेर पडायच्या दोन वाटा आहेत. कलम १४.१ सांगते की, कराराचा भंग झाला तर लेखी कळवून सुधारण्यासाठी १५ दिवस द्यायचे आणि तरीही सुधारणा झाली नाही तर करार संपवायचा. कलम १४.२ सांगते की, कोणताही पक्ष कारण न देता ६० दिवसांच्या लेखी नोटिशीने करार संपवू शकतो.

पहिला निर्णय इथेच घ्यायचा : कोणत्या वाटेने जायचे? आणि एकदा ठरले की पत्रात दुसऱ्या वाटेचा एक शब्दही येऊ द्यायचा नाही. प्रत्यक्षात होते असे की, वर कलम १४.२ चा उल्लेख असतो आणि खाली ‘आपल्या निकृष्ट सेवेमुळे’ असे वाक्य येते. ज्याला कारणाची गरजच नव्हती, त्या पत्राला आपणच कारण चिकटवतो. मग ठेकेदाराचा वकील विचारतो, भंग झाला होता तर १५ दिवसांची संधी कुठे दिलीत? तक्रारवहीत नोंदी कुठे आहेत? अन्नाचे नमुने कोणी तपासले? आणि आपण जे सिद्ध करायची गरज नव्हती ते सिद्ध करत बसतो.

कारण लिहून आपल्या पदरात काय पडते, हेही पाहावे. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर गॅस वितरकाचा करार होता. तो ३० दिवसांच्या नोटिशीने संपवता येण्याजोगा होता. करार ज्या कारणासाठी संपवला ते टिकले नाही, तरीही न्यायालयाने वितरकाला एजन्सी परत दिली नाही. नोटिशीच्या ३० दिवसांपुरतीच भरपाई त्याच्या वाट्याला आली. याचा अर्थ साधा आहे. करारात नोटिशीची वाट असेल आणि आपण ती मुदत नीट पाळली, तर वादाला फारशी जागा उरत नाही. दोष लिहून ती जागा आपणच मोठी करतो.

याला दोन मर्यादा आहेत. आपली संस्था सरकारी किंवा सार्वजनिक क्षेत्रातली असेल, तर कलमाकडे बोट दाखवून भागत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १४ नुसार निर्णय मनमानी नव्हता, हे फाइलीवर दिसावे लागते. दुसरे, ठेकेदाराने खरोखर गंभीर भंग केला असेल, अन्नातून विषबाधा झाली असेल किंवा कामगारांचे वेतन बुडवले असेल आणि आपल्याला त्याची भरपाई वसूल करायची असेल, तर कलम १४.१ चीच वाट धरावी लागेल. तिथे मात्र पुरावा आधी गोळा करायचा आणि नोटीस नंतर पाठवायची.

दुसरा मुद्दा तारखेचा. आपल्या उदाहरणात मुदत नोटीस मिळाल्यापासून मोजायची आहे. पत्रावर १ ऑक्टोबर तारीख टाकली आणि ६० दिवस मोजून शेवटचा दिवस ३० नोव्हेंबर लिहिला. पत्र स्पीड पोस्टाने ठेकेदाराच्या हाती पडले ४ ऑक्टोबरला. मिळाल्याचा दिवस सोडून मोजले, तर साठावा दिवस ३ डिसेंबरला येतो. म्हणजे नोटीस तीन दिवसांनी अपुरी पडली. हे तीन दिवस किरकोळ वाटतात, पण ठेकेदाराच्या उत्तराच्या पहिल्या परिच्छेदात नेमके तेच येतात. म्हणून आधी शेवटचा दिवस ठरवावा आणि तिथून मागे यावे. ३० नोव्हेंबर हवा असेल, तर पत्र २२ सप्टेंबरच्या सुमारास ठेकेदाराच्या हाती पडलेले असावे. आठ-नऊ दिवस हाताशी राहतात. शेवटचा दिवस महिनाअखेरचा असला की वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय यांचा हिशेबही अर्ध्यावर तुटत नाही.

पत्र कसे पाठवायचे, हेही करारातच लिहिलेले असते. पत्ता नोंदणीकृत कार्यालयाचा असेल, तर कॅन्टीनच्या मॅनेजरच्या हातात प्रत देऊन सही घेतली म्हणजे नोटीस बजावली, असे धरू नये. करारात सांगितलेल्या पद्धतीने एक प्रत पाठवावी, दुसरी ईमेलने, आणि पोहोच फाइलीला लावावी. सही कोणी करायची हेही तपासावे. ज्याला करार करण्याचा अधिकार होता, त्याने किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्यानेच ती केलेली बरी.

आता पत्राचा मजकूर. मी तो असा लिहीन :

“विषय : दि. १ जुलै २०२४ च्या कॅन्टीन सेवा कराराची कलम १४.२ नुसार समाप्ती.

वरील कराराच्या कलम १४.२ नुसार हा करार संपवत असल्याची ही नोटीस आहे. कराराखालील सेवेचा शेवटचा दिवस ३० नोव्हेंबर २०२५ राहील. त्या दिवशी सुरू होणाऱ्या रात्रपाळीचा पहाटेचा चहा-नाश्ता सेवेत धरला आहे. तोपर्यंत सेवा व देयके कराराप्रमाणे सुरू राहतील.

२४ नोव्हेंबर रोजी सकाळी ११ वाजता कंपनीच्या मालकीची भांडी व उपकरणे यांची संयुक्त मोजणी होईल. अंतिम देयक ५ डिसेंबरपर्यंत आणि नोव्हेंबरच्या वेतनपत्रकाच्या व चलनांच्या प्रती १८ डिसेंबरपर्यंत द्याव्यात. अनामत रक्कम करारातील तरतुदीनुसार परत केली जाईल. या कामासाठी प्रशासन विभागप्रमुखांशी लेखी संपर्क साधावा.

ही नोटीस दोन्ही पक्षांचे करारातील व कायद्यातील हक्क अबाधित ठेवून दिली आहे.”

एवढेच. यात आरोप नाही, खेद नाही आणि ‘पुढे पुन्हा एकत्र काम करू’ असे आश्वासनही नाही. असे गोड वाक्य सौजन्याचे वाटते, पण नव्या निविदेच्या वेळी तेच आपल्यासमोर ठेवले जाते. ‘करार संपवण्याचा विचार आहे’ अशी मोघम भाषाही नको. विचार म्हणजे नोटीस नव्हे, त्यामुळे मुदत सुरूच होत नाही. रात्रपाळीचे वाक्य मुद्दाम घातले आहे. तीन पाळ्यांच्या कारखान्यात ३० तारखेची रात्रपाळी १ तारखेच्या पहाटे चहा-नाश्ता घेते. ते वाक्य नसेल, तर तो चहा कोणी द्यायचा यावर दोन ठेकेदार आणि तीनशे कामगार भांडत बसतात.

पुढच्या पायऱ्यांच्या तारखाही विचार करूनच घातल्या आहेत. नोव्हेंबरची भविष्य निर्वाह निधी व ईएसआयची चलने १५ डिसेंबरपर्यंत भरायची असतात, म्हणून प्रती १८ पर्यंत मागितल्या. ठेकेदाराने ती भरली नाहीत, तर वसुलीचा रोख मूळ मालकाकडे, म्हणजे आपल्याकडे वळतो. म्हणून अंतिम देयक चुकते करण्याआधी ती पाहायची. पण हे निमित्त करून देयक अडवून ठेवता येत नाही. ठेकेदार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ च्या कायद्यानुसार सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे देयक लांबवता येत नाही. लांबले तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. सेवेबद्दल हरकत असेल, तर ती १५ दिवसांत लेखी कळवावी लागते. वाद असलेली रक्कम वेगळी काढा, कारण लिहा आणि बाकीचे पैसे द्या. मोजणीची तारीख आठवडाभर आधीची ठेवली, कारण हरवलेले डीप फ्रीजरचे झाकण आणि कमी भरलेली पातेली शोधायला तेवढा वेळ लागतोच.

एक पायरी मात्र पत्रात नसते, आपल्या वहीत असते. अन्न परवाना व्यवसाय चालवणाऱ्याच्या नावावर असतो. जुना ठेकेदार गेला की त्याचा परवाना नव्याच्या उपयोगी पडत नाही. नव्या ठेकेदाराकडे आपल्या जागेचा परवाना येण्याची खात्री झाल्याशिवाय जुन्याला नोटीस पाठवू नये. कॅन्टीन एक दिवस बंद राहिले, तर तुमचे पत्र कितीही निर्दोष असो, कोणी त्याचे कौतुक करणार नाही.

शेवटचा धोका पत्र गेल्यानंतरचा आहे. ठेकेदार भेटायला येतो आणि कारखाना व्यवस्थापक म्हणतात, “बघू, डिसेंबरभर चालू ठेवा.” किंवा खरेदी विभाग सवयीने डिसेंबरच्या मेनूला मंजुरी देतो. अशा एका वाक्याने किंवा एका ऑर्डरने आपली नोटीस आपणच मागे घेतली, असा युक्तिवाद उभा राहतो. म्हणून नोटीस गेली त्याच दिवशी खरेदी, लेखा, सुरक्षा आणि कारखाना व्यवस्थापक या सर्वांना कळवावे की शेवटचा दिवस कोणता आणि ठेकेदाराशी बोलणार कोण. मुदत वाढवायचीच असेल, तर ती लेखी, ठरावीक तारखेपर्यंत आणि नोटीस कायम ठेवून वाढवावी. ठेकेदाराचे रागाचे उत्तर आले, तर परिच्छेदागणिक वाद घालू नये. पोहोच द्यावी, आरोप मान्य नाहीत असे एका ओळीत नोंदवावे आणि मोजणीची तारीख पुन्हा सांगावी.

मित्रहो, माझी विनंती एवढीच आहे. परत गेल्यावर आपल्याकडच्या चालू करारांपैकी पाच उघडा. प्रत्येकात समाप्तीचे कलम कोणते, मुदत कधीपासून मोजायची आणि नोटिशीचा पत्ता कोणता, हे पहिल्या पानावर लिहून ठेवा. ज्या करारात ही तीन उत्तरे सापडणार नाहीत, तो नूतनीकरणाच्या वेळी दुरुस्त करून घ्या. या परिषदेच्या समारोपाच्या सत्रात नोटिशीचा एक समान नमुना चर्चेला ठेवावा, अशी सूचना मी अध्यक्ष या नात्याने करतो. ठेकेदारही आपल्याच गावचा छोटा उद्योजक असतो. त्याला शेवटचा दिवस आणि शेवटचे पैसे कधी, हे स्वच्छ कळण्याचा हक्क आहे.