सरकीच्या ढेपेतलं बीटी : तपासणी होते तरी कशी?

बचत गटांच्या बैठकीत शेळ्या-गाईंच्या खुराकाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. सरकीची ढेप, म्हणजे काही भागात जिला पेंड म्हणतात ती, आता जवळपास सगळी बीटी कापसाचीच असते. ती जनावराला घालावी का? आणि सरकीचं तेल आपण खातो, त्याचं काय? आज आपण याच प्रश्नाच्या मागे जाऊ या.

आधी बीटी म्हणजे काय ते पाहू. मातीत एक जिवाणू असतो, बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा. त्याच्यात एक प्रथिन तयार होतं आणि ते बोंडअळीला मारतं. हे प्रथिन बनवण्याची सूचना जिवाणूच्या ज्या जनुकात असते, ते जनुक शास्त्रज्ञांनी कापसाच्या रोपात घातलं. त्यामुळे रोप स्वतःच ते प्रथिन बनवतं. भारतात या कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली.

अळी मरते, मग आपल्याला का काही होत नाही? अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट असतो. त्यात हे प्रथिन उलगडतं, आतड्याच्या अस्तरावरच्या ठरावीक जागी चिकटतं आणि तिथे भोकं पाडतं. आपलं जठर आम्लाचं आहे, आणि चिकटायच्या त्या जागा आपल्या आतड्यात सापडत नाहीत. पण एवढ्या तर्कावर परवानगी देत नाहीत. प्रत्यक्ष तपासावं लागतं.

तपासणी दोन अंगांनी होते. एक, रोपात जे नवीन प्रथिन आलं त्याची. दुसरी, अख्ख्या पिकाची.

नव्या प्रथिनाचं पहिलं काम म्हणजे ते पचतं का हे बघणं. प्रयोगशाळेत जठररसासारखं द्रावण करून त्यात प्रथिन टाकतात आणि ते किती वेळात तुटतं हे मोजतात. ज्या प्रथिनांनी अ‍ॅलर्जी येते, त्यांतली बरीच लवकर तुटत नाहीत, म्हणून हा वेळ महत्त्वाचा. मग त्याची रचना अ‍ॅलर्जी आणणाऱ्या माहीत असलेल्या प्रथिनांशी ताडून पाहतात. शिवाय उंदरांना त्याचा एकदम मोठा डोस तोंडाने देऊन काही दिवस लक्ष ठेवतात.

ही चाळणी खरंच काही पकडते का? पकडते. अमेरिकेत सोयाबीन जास्त पौष्टिक करावं म्हणून त्यात ब्राझील नट नावाच्या कवचफळाचं जनुक घातलं होतं. ब्राझील नटची अ‍ॅलर्जी असलेल्या नऊ जणांच्या रक्तावर त्याची चाचणी घेतली, तर आठ जणांच्या रक्ताने त्या सोयाबीनला प्रतिसाद दिला. १९९६ मध्ये हा निष्कर्ष छापून आला. ते सोयाबीन बाजारात कधी आलंच नाही.

आता अख्ख्या पिकाकडे येऊ. नवं पीक आणि त्याच जातीचं साधं पीक शेजारी शेजारी लावतात आणि दाण्यातली प्रथिनं, स्निग्धांश, जीवनसत्त्वं मोजून ताडतात. पिकात मुळातच जे विष असतं तेही मोजतात. सरकीत ते आहे, त्याचं नाव गॉसिपॉल. कोंबड्यांना आणि लहान वासरांना सरकी जपून द्यायची ती याच्याचमुळे, आणि तेल शुद्ध करताना तेच काढून टाकावं लागतं. हे साध्या देशी कापसातही असतं, बीटीने आणलेलं नाही. नवं जनुक घुसल्यामुळे गॉसिपॉल वाढलं तर नाही ना, एवढं बघायचं असतं.

त्यानंतर जनावरांना खाऊ घालून पाहतात. उंदरांवरची नेहमीची चाचणी ९० दिवसांची असते. आपल्याकडे बीटी कापसाला परवानगी देण्याआधी त्याची सरकी शेळ्या, गाई, म्हशी, कोंबड्या आणि मासे यांना घालून पाहिली होती. गाईंवरची चाचणी कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत झाली, माशांवरची मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत. साधी सरकी खाणाऱ्या आणि बीटी सरकी खाणाऱ्या जनावरांत काळजी करावी असा फरक दिसला नाही. तेलाचं तर आणखी सोपं आहे. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळपास राहतच नाही. ते ढेपेत राहतं.

आता तुम्ही म्हणाल, ९० दिवस म्हणजे तीन महिने. आपण तर आयुष्यभर खाणार. प्रश्न रास्त आहे, आणि त्यावरून जगात मोठा वाद झाला. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या सेरालिनी नावाच्या शास्त्रज्ञाने जनुक बदललेला मका उंदरांना दोन वर्षं घातला आणि त्यांना गाठी झाल्याचे फोटो जगभर पसरले. पण त्याने वापरलेल्या जातीच्या उंदरांना म्हातारपणी साधं खाऊनही गाठी होतात, आणि एकेका गटात फक्त दहा उंदीर होते. एवढ्या थोड्यांत कुठल्या गाठी मक्याच्या आणि कुठल्या वयाच्या हे सांगता येत नाही. नियतकालिकाने २०१३ मध्ये तो लेख मागे घेतला. पुढच्या वर्षी तो दुसरीकडे छापला गेला, पण उंदीर तेवढेच राहिले.

प्रश्न मात्र सोडून दिला नाही. युरोपीय संघाच्या पैशातून तोच मका दोन वर्षं पुन्हा घातला गेला, यावेळी गटात कितीतरी जास्त उंदीर घेऊन. २०१९ मध्ये निकाल आला, की मक्यामुळे अपाय दिसला नाही.

माणसांचं काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये एक ताळा केला. अमेरिका-कॅनडात हे अन्न १९९६ च्या सुमारापासून खातात, ब्रिटन आणि पश्चिम युरोपात फारच कमी. मग कॅन्सर, मधुमेह, लठ्ठपणा, किडनीचे विकार, अ‍ॅलर्जी हे दोन्हीकडे कसे वाढले ते शेजारी ठेवून पाहिलं. या अन्नामुळे तिकडे जास्त वाढले असं दिसलं नाही. अशा ताळ्याला मर्यादा आहे. एखादा अगदी बारीक परिणाम त्यात हरवू शकतो, हे त्या अकादमीनेही सांगितलं आहे.

आणखी एक गोष्ट खटकणारी आहे. तपासणीची बरीच माहिती बियाणं बनवणारी कंपनीच देते. बीटी वांग्याच्या वेळी हाच आक्षेप होता. समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये होकार दिला, पण फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी स्वतंत्र चाचण्या हव्यात म्हणून ते थांबवलं. शेजारच्या बांगलादेशात मात्र शेतकरी ते २०१४ पासून पिकवतात.

यातून एक ध्यानात ठेवा. 'जनुक बदललेलं पीक चांगलं की वाईट' असा एक ठोक निकाल नसतो. प्रत्येक पीक, त्यातलं प्रत्येक जनुक वेगळं तपासावं लागतं. मंजूर बीटी कापसाची सरकी तपासलेली आहे, तिची ढेप घालायला हरकत नाही, कोंबड्या-वासरांना गॉसिपॉलची काळजी घेऊन. पण आपल्या कापूस पट्ट्यात तणनाशक सोसणारं एचटीबीटी बियाणं चोरून विकलं जातं. त्याला भारतात परवानगी नाही, आणि त्यावर तणनाशक थेट पिकावरच मारतात. त्याच्या सरकीत तणनाशक किती उरतं, याची तपासणी झाल्याचा कागद तुम्हाला कुणी दाखवू शकणार नाही. म्हणून बियाणं घेताना पाकिटावरचं नाव, लॉट नंबर बघा आणि पक्की पावती मागा. पावती द्यायला दुकानदार कां-कूं करू लागला, तर ते पाकीट तिथेच ठेवा.