‘हरम’ म्हणजे जनानखाना नव्हे: अरबी निधनवार्ता इंग्रजीत आणताना

आज कैरोच्या ‘अल-अहराम’ या दैनिकाचं निधनवार्तांचं पान उघडूया. तिथे छापून येते तशा साच्याची एक जाहिरात घेऊ. नावांऐवजी अक्षरं ठेवतो.

‘अल्लाहच्या दयेकडे स्थलांतरित झाल्या: मरहूम इंजिनिअर अ यांच्या हरम, डॉक्टर ब यांच्या मातोश्री, मरहूम क यांच्या करीमा आणि ड यांच्या शकीका. शोकसभा उमर मकरम मशिदीत, मगरिबच्या नमाजानंतर.’

आता हे इंग्रजीत न्यायचंय. पहिलं वाक्य सोपं आहे. ‘स्थलांतरित झाल्या’ हे आपल्या ‘देवाज्ञा झाली’सारखं ठरीव वळण. इंग्रजीत ‘पास्ड अवे’ पुरतं.

खरी फसगत नात्यांत होते. ‘हरम’ म्हटलं की आपल्याला जनानखाना आठवतो, पण इथे तो पत्नीसाठीचा आदराचा शब्द आहे. ‘करीमा’चा शब्दशः अर्थ उदार स्त्री, इथे मात्र ‘कन्या’. ‘जेनरस लेडी ऑफ क’ लिहिलंत, तर वाचणारा डोकं खाजवत बसेल.

‘मरहूम’ म्हणजे आपलं ‘कै.’. यादीत तो कोणाच्या नावाआधी आहे, ते बोट ठेवून बघा. इथे तो अ आणि क यांच्या आधी आहे, म्हणजे नवरा आणि वडील आधीच गेलेत. म्हणून ‘वाइफ’ नाही, ‘विडो’. आणि ‘विडो’ लिहिलं की नवऱ्याला पुन्हा ‘द लेट’ लावायची गरज उरत नाही. वडिलांना मात्र लावायचं.

सगळ्यात नाजूक शब्द ‘शकीका’. ती नुसती बहीण नाही, सख्खी बहीण: आई एक, वडीलही एक. इस्लामी वारसा कायद्यात सख्ख्या आणि सावत्र भावंडांचे वाटे वेगळे असतात. त्यामुळे कुटुंबाच्या कागदपत्रांसाठी भाषांतर असेल तर ‘फुल सिस्टर’ लिहा. परदेशातल्या मित्रमंडळींना कळवायचं असेल तर ‘सिस्टर’ चालेल.

मगरिब म्हणजे सूर्यास्ताची नमाज. तिची वेळ रोज थोडी सरकते, म्हणून मनाने ‘सहा वाजता’ टाकू नका. ‘आफ्टर द सनसेट प्रेयर’ लिहा.

एक गोष्ट लक्षात आली का? गेलेल्या बाईंचं नावच कुठे नाही! जुन्या अंकांत अशी ओळख बरेचदा दिसते: अमक्याची पत्नी, तमक्याची आई. मुशीरा ईद यांनी 1938 ते 1988 या काळातल्या अरबी, इंग्रजी आणि फारसी निधनवार्ता ताडून याच विषयावर पुस्तक लिहिलंय. नाव नसेल तर आपण शोधून घालायचं नाही. खाली टीप द्यायची: मूळ जाहिरातीत नाव दिलेलं नाही.

तर आपलं इंग्रजी असं झालं: ‘पास्ड अवे: द विडो ऑफ इंजिनिअर अ, मदर ऑफ डॉक्टर ब, डॉटर ऑफ द लेट क, अँड फुल सिस्टर ऑफ ड.’ त्याखाली शोकसभेची ओळ आणि टीप.

चला, भेटू पुढच्या भागात.